पिशवीतले नव्वद मिलिलिटर

प्रति,
नागपूर शहर व जिल्ह्यातील प्रसूतितज्ज्ञ, लेबर रूममधील परिचारिका आणि प्रसूतिगृहांचे व्यवस्थापक यांस,

सस्नेह नमस्कार.

मी नागपुरात गेली २२ वर्षे बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. बाळ जन्मल्यानंतरच्या पहिल्या तीन मिनिटांबद्दल आणि त्या तीन मिनिटांत नाळेतले रक्त कोणाकडे जाते याबद्दल आपल्याशी बोलावे, असे बरेच दिवस मनात होते. आपल्यापैकी अनेकांबरोबर मी रात्री-अपरात्री काम केले आहे आणि आपल्या कौशल्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. तरीही हे उघडपणे लिहिते आहे, कारण बाळ माझ्याकडे येते तोवर नऊ महिने उलटलेले असतात आणि ती तीन मिनिटे परत मिळत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात कामठीकडचे एक जोडपे नऊ महिन्यांच्या मुलाला घेऊन आले. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही बारीक तपशील मी बदलले आहेत. वैद्यकीय बाबी तशाच ठेवल्या आहेत. मूल पांढुरके दिसत होते, चिडचिडे झाले होते आणि दूध पिताना लवकर दमत होते. हिमोग्लोबिन ८.६ ग्रॅम निघाले, तांबड्या पेशी आकाराने लहान होत्या आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन लिटरमागे फक्त ६ मायक्रोग्रॅम होते. हा आकडा १२ च्या खाली गेला की साठा संपला असे आपण मानतो. विदर्भात असे मूल समोर आले की आई-वडिलांच्या आणि आपल्याही मनात आधी सिकलसेल आणि थॅलेसेमिया येतो. म्हणून एचपीएलसी तपासणी करून घेतली, ती पूर्णपणे निर्दोष आली. हा साधा, निखळ लोहाचा तुटवडा होता.

औषध लिहून देत असताना वडिलांनी फाइलमधून एक गुळगुळीत कागदाचे प्रमाणपत्र काढून माझ्यासमोर ठेवले. ते एका खाजगी नाळरक्तपेढीचे होते. त्यावर बाळाचे नाव होते, जन्मवेळ होती आणि गोळा केलेल्या रक्ताचे माप होते : ९० मिलिलिटर. ते म्हणाले, “मॅडम, याचंच रक्त आम्ही जपून ठेवलंय. हप्ते अजून चालू आहेत. त्यातलं थोडं याला देता येणार नाही का?”

त्यांचा प्रश्न भाबडा वाटेल, पण तो अगदी सरळ आणि योग्य होता. त्याचे उत्तर देताना मात्र माझा घसा दाटून आला. पेढीत पोहोचलेले रक्त गोठवण्यापूर्वी त्यातले बहुतेक सगळे द्रवद्रव्य आणि तांबड्या पेशी काढून टाकतात. उरतो तो केंद्रक असलेल्या पेशींचा पातळसा थर, ज्यात मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, थोड्या प्रमाणात असतात. तो वीस-पंचवीस मिलिलिटरमध्ये सामावतो आणि उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत ठेवला जातो. लोह असते ते तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनमध्ये. म्हणजे या मुलाला आज ज्याची गरज होती नेमके तेच प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी टाकून दिले गेले होते.

किती टाकले गेले याचा हिशेब त्याच कागदावरून मांडता येतो. मुदतीच्या बाळाच्या नाळेतल्या रक्तात १०० मिलिलिटरमागे साधारण १६ ग्रॅम हिमोग्लोबिन असते आणि एका ग्रॅममध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह असते. त्या मापाने ९० मिलिलिटर म्हणजे सुमारे ४९ मिलिग्रॅम लोह. नाळ तीन मिनिटे न कापता ठेवली असती तरी हे सगळेच बाळात गेले नसते, काही रक्त वारेत उरतेच. म्हणून मी हात आखडता घेऊन ६० मिलिलिटर धरते. ते झाले ३३ मिलिग्रॅम. आईच्या दुधात लोह फार थोडे असते, लिटरमागे एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी, आणि सहाव्या महिन्यानंतर वाढत्या बाळाला रोज सुमारे पाऊण मिलिग्रॅम लोह अंगी लागावे लागते. ते ३३ मिलिग्रॅम बाळाला जवळपास दीड महिना पुरले असते. जन्मताना २.८ किलो वजनाच्या बाळाच्या अंगात एकूण लोह साधारण २१० मिलिग्रॅम असते, हे लक्षात घेतले म्हणजे या भरीचे मोल कळते.

फक्त नाळ लवकर कापल्यामुळे हे मूल आजारी पडले, असे मी म्हणणार नाही. आईचे हिमोग्लोबिन आठव्या महिन्यात ९.४ होते. वरचे अन्न सातव्या महिन्यानंतर सुरू झाले होते आणि तेही मुख्यतः भाताची पेज आणि बिस्किटे असेच होते. पण ज्या बाळाची सुरुवातच अपुऱ्या साठ्याने होणार हे आईच्या कागदावर लिहिलेले होते, त्याच बाळाकडून हा भाग काढून घेतला गेला, याचे मला दुःख आहे. प्रसूतीच्या वेळी सोबत असलेल्या आजींनी सांगितले की, बाळ बाहेर येताच “लवकर करा, पिशवी भरायला पाहिजे” असे कोणीतरी म्हणाले आणि नाळ लगेच कापली गेली. किती सेकंदांनी कापली याची नोंद केसपेपरवर कुठेही नव्हती.

आता त्या मिनिटांत काय घडते ते पाहू. हे आपण सगळे शिकलो आहोत, पण घाईत विसरायला होते. जन्माच्या क्षणी बाळ आणि वार मिळून जे रक्त असते त्याचा साधारण तिसरा भाग वारेत असतो. बाळाकडून वारेकडे रक्त नेणाऱ्या दोन रोहिण्या लवकर आकसतात. वारेकडून बाळाकडे रक्त आणणारी शीर मात्र आणखी काही वेळ उघडी राहते. गर्भाशय आकुंचन पावते, बाळ श्वास घेते, रडते, त्याची फुप्फुसे फुलतात आणि त्यांना रक्त हवे असते. हे सगळे जुळून रक्त बाळाकडे सरकते, सुरुवातीला वेगाने आणि मग मंदपणे. पहिल्या मिनिटात बराच मोठा भाग येतो आणि तिसऱ्या मिनिटापर्यंत बहुतेक काम उरकते. नाळ बोटांत धरली तर स्पंदन थांबल्याचे कळते. आधी निळसर, टपोरी, पीळदार असलेली नाळ पांढरी, चपटी आणि लुळी पडते. चिमटा लावण्याची वेळ झाली हे सांगणारी याहून स्पष्ट खूण नाही.

बाळ वारेच्या पातळीच्या खाली धरावे लागेल आणि मग आईच्या कुशीत कसे द्यायचे, अशी शंका पूर्वी असे. अर्जेंटिनातल्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही बाळे योनिमार्गाच्या पातळीवर धरली, काही आईच्या पोटावर किंवा छातीवर ठेवली आणि दोन मिनिटांत वजन किती वाढते ते मोजले. पहिल्या गटात सरासरी ५६ ग्रॅम वाढले, दुसऱ्यात ५३. म्हणजे बाळ पुसून, आईच्या अंगावर उघड्या त्वचेला त्वचा लावून आणि वरून कोरडे कापड पांघरून ठेवले तरी रक्त जवळजवळ तितकेच येते आणि बाळ गार पडत नाही.

पुढे लोहाचे काय होते, याचाही माग काढला गेला आहे. स्वीडनमध्ये मुदतीच्या ४०० बाळांच्या अभ्यासात दहा सेकंदांच्या आत आणि तीन मिनिटांनंतर नाळ कापलेल्या मुलांची चौथ्या महिन्यात तुलना केली, तेव्हा उशिरा कापलेल्यांचे फेरिटिन ४५ टक्के जास्त होते आणि लोहाची कमतरता ५.७ टक्क्यांऐवजी ०.६ टक्के मुलांत होती. स्वीडनमधल्या आया सुदृढ, आपल्याकडे ते कसे लागू होणार, असे कोणी म्हणेल. म्हणून काठमांडूचा अभ्यास मला जास्त जवळचा वाटतो. तिथे ५४० बाळे होती आणि आठव्या महिन्यात रक्तक्षय लवकर कापलेल्या गटात ८२ टक्के, उशिरा कापलेल्या गटात ७३ टक्के निघाला. हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचायला हवा. तीन मिनिटे थांबूनही चारातली जवळपास तीन मुले रक्तक्षयी राहिली, त्यामुळे सहाव्या महिन्यापासूनचे लोहाचे सिरप आणि वरचे सकस अन्न यांना पर्याय नाही. पण दर शंभरांतली नऊ मुले एक पैसाही खर्च न करता, कोणतेही औषध न देता वाचली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातली सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. अशा देशात ही नऊ मुले थोडी नव्हेत.

जागतिक आरोग्य संघटना किमान एक मिनिट थांबा असे सांगते. आपल्या सरकारच्या २०१८ पासूनच्या ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात तर किमान तीन मिनिटे किंवा स्पंदन थांबेपर्यंत, असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे मी नवे काही मागत नाही.

आता पिशवीकडे वळते. नाळरक्तातल्या मूलपेशी ही खोटी गोष्ट नाही, हे मला आधी नोंदवायचे आहे. ऑक्टोबर १९८८ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात एलियान ग्लुकमन यांनी फँकोनी अ‍ॅनिमिया झालेल्या एका मुलावर नाळरक्ताचे पहिले प्रत्यारोपण केले आणि ते यशस्वी झाले. पण ते रक्त त्या मुलाचे स्वतःचे नव्हते. ते त्याच्या नुकत्याच जन्मलेल्या, निरोगी आणि ऊती जुळणाऱ्या बहिणीचे होते. नाळरक्ताचे सगळे खरे यश याच धाटणीचे आहे : रक्त एका निरोगी बाळाचे आणि उपयोग दुसऱ्या आजारी माणसाला. प्रसूतिगृहांच्या ओपीडीत बसणारे प्रतिनिधी मात्र “तुमच्या बाळासाठी आयुष्यभराचा विमा” असे म्हणून नेमकी उलटी गोष्ट विकतात.

बाळाला पुढे सिकलसेल किंवा थॅलेसेमिया निघाला तर त्याच्या नाळरक्तातल्या प्रत्येक मूलपेशीत तोच दोष असतो. ते रक्त परत देणे म्हणजे तोच आजार परत देणे. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगातही अनेकदा कर्करोगाकडे नेणारा जनुकीय बदल जन्माआधीच झालेला असतो आणि गोठवलेल्या पिशवीतही तो असू शकतो. स्वतःचेच रक्त स्वतःला लागण्याची शक्यता किती, याचे अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटनेने २००७ मध्ये दिलेले अंदाज हजारात एक ते दोन लाखांत एक असे आहेत. स्वमग्नतेसाठी पिशवी उपयोगी पडेल असे सांगितले जाते. ड्यूक विद्यापीठाने १८० मुलांवर केलेल्या २०२० च्या चाचणीत मुख्य कसोटीवर नाळरक्ताचा फायदा दिसला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वतःसाठी खाजगी साठवणुकीची शिफारस केलेली नाही, आणि बालरोगतज्ज्ञांच्या आपल्या राष्ट्रीय अकादमीनेही २०१८ मध्ये तेच सांगितले.

“संपूर्ण कुटुंबासाठी” हा दुसरा शब्दप्रयोग आहे आणि तो वजनाच्या काट्यावर टिकत नाही. प्रत्यारोपणासाठी रुग्णाच्या दर किलोमागे केंद्रक असलेल्या किमान अडीच कोटी पेशी गोठवण्यापूर्वी मोजलेल्या असाव्यात, असा सर्वसाधारण दंडक आहे. त्या प्रमाणपत्रावर ८५ कोटी पेशींची नोंद होती. भागाकार केला तर ती पिशवी जेमतेम ३४ किलोच्या मुलाला पुरेल, आणि गोठवून वितळवताना काही पेशी मरतात हे त्यात धरलेले नाही. ७० किलोच्या वडिलांना १७५ कोटी लागल्या असत्या. पेशी कमी पडल्या की नवे रक्त तयार व्हायला आठवडे लागतात, त्या काळात रुग्ण जंतुसंसर्गाच्या तोंडी असतो आणि कधी कधी प्रत्यारोपण रुजतच नाही. परक्याच्या नाळरक्ताने सिकलसेल बरा करण्याचा प्रयत्न अमेरिकेत झाला, तेव्हा पहिल्या आठ मुलांपैकी पाच जणांत ते रुजले नाही आणि तो भाग थांबवावा लागला. साठवलेल्या पिशव्या सभासदांत वाटून घेण्याच्या ‘सामुदायिक’ योजनाही आता विकल्या जातात. तिथेही पिशवी लहान आणि देणारा परका, या दोन्ही अडचणी तशाच राहतात.

असे असले तरी नाळरक्त घ्यावे अशी एक परिस्थिती खरोखर आहे, आणि आपल्या भागात ती दुर्मीळ नाही. घरातल्या थोरल्या मुलाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया आहे आणि आई पुन्हा गरोदर आहे. सख्ख्या भावंडांच्या ऊती पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. आई-वडील दोघेही वाहक असतील तर येणारे बाळ स्वतः त्या आजारातून सुटण्याची शक्यता चारात तीन. ऊतींची जनुके सहाव्या गुणसूत्रावर आणि हा दोष अकराव्यावर असल्याने दोन्ही गोष्टी स्वतंत्र आहेत, म्हणून दोन्ही एकत्र जमण्याची शक्यता सोळांत तीन. ही खरी आशा आहे आणि ती त्या कुटुंबाला कोणीतरी वेळेत सांगायला हवी. पण तिचा निर्णय प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांनी, गरोदरपणातच आणि लेखी करायचा असतो. पिशवी विकणाऱ्या प्रतिनिधीने करायचा नसतो. शिवाय जुळणारे भावंड थोडे मोठे झाल्यावर त्याची अस्थिमज्जाही देता येते, त्यामुळे नाळरक्त ही एकमेव संधी असल्यासारखी घाई अशा कुटुंबावरही लादू नये.

अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये हाच भेद केला : आजारी भावंडासाठी ठरवून घेतलेल्या नाळरक्ताचा विरळा अपवाद सोडला, तर रक्त गोळा करण्यासाठी नाळ कापण्याची वेळ बदलू नये. तीन मिनिटे थांबल्यावर वारेत जे उरेल ते हवे तर घ्यावे. ते बहुधा साठवण्याजोगे भरणार नाही, हे पालकांना आधीच, पैसे भरण्यापूर्वी, सांगावे.

आपल्यापैकी काहींनी माझ्याशी बोलताना मांडलेल्या अडचणी मी हलक्या मानत नाही. कावीळ थोडी वाढते हे खरे आहे. अनेक अभ्यास एकत्र केल्यावर निळ्या प्रकाशाखाली ठेवावे लागणाऱ्या बाळांचे प्रमाण शंभरामागे दोनाहून कमी वाढलेले दिसते, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळ पुन्हा पाहण्याची व्यवस्था हवी, आणि ती तशीही हवीच. आईचा रक्तस्राव थांबून राहिल्याने वाढत नाही. ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन पहिल्या मिनिटात द्यावे, त्यासाठी नाळ कापण्याची वाट पाहावी लागत नाही. सिझेरियनमध्ये तीन मिनिटे जमत नसतील, पण बाळ आईच्या मांड्यांवर निर्जंतुक कापडात ठेवून एक मिनिट बहुतेक वेळा जमते. आणि जिथे थांबू नये तिथे थांबू नये : बाळ श्वास घेत नसून त्याला लगेच मदत हवी असेल, वार सुटून किंवा खाली असून आईला जोराचा रक्तस्राव होत असेल, नाळ तुटली असेल किंवा एकाच वारेवरची जुळी असतील, तर चिमटा तत्काळ लावावा. थांबण्याऐवजी नाळ पिळून रक्त बाळाकडे ढकलण्याची सवय काही ठिकाणी आहे. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांत तिच्यामुळे मेंदूत गंभीर रक्तस्राव वाढल्याचे दिसले आहे, तेव्हा त्या बाळांत ती कटाक्षाने टाळावी.

माझी मागणी लहान आहे. आपल्या केसपेपरवर जन्मवेळेच्या शेजारी ‘नाळ बांधल्याची वेळ’ असा एक रकाना छापून घ्यावा, मिनिटे आणि सेकंदांसह, आणि एक मिनिटाच्या आत बांधली असेल तर कारण लिहावे. लेबर रूममध्ये बाळ दिसताच सुरू होणारे सेकंदांचे घड्याळ सगळ्यांना दिसेल असे लावावे. घाईत तीस सेकंद तीन मिनिटांसारखे वाटतात, हे मी स्वतः अनुभवले आहे. पिशवी भरायला आलेल्या माणसाने वेळ ठरवू नये, ती सिस्टरने सांगावी आणि तिला तसा अधिकार असावा. ओपीडीत प्रतिनिधीला बसू देण्याऐवजी, नाळरक्ताबद्दल विचारणाऱ्या पालकांशी आपण स्वतः दोन मिनिटे बोलावे. आणि डिस्चार्ज कार्डावर ती वेळ उतरवावी, म्हणजे मूल सहा महिन्यांचे होऊन माझ्यासारख्या कोणाकडे आले की त्याचा साठा कुठून सुरू झाला होता हे आम्हाला कळेल.

कामठीचे ते मूल तीन महिने लोहाच्या औषधावर आहे. हिमोग्लोबिन आता १०.९ वर आले आहे. वडिलांनी पेढीचे हप्ते थांबवायचे का, असे मला विचारले. मी त्यांना त्यांच्या कागदांवरचा हिशेब समजावला आणि निर्णय त्यांच्यावर सोपवला. त्यांच्या घरात पुढच्या वर्षी धाकट्या भावाच्या पत्नीची प्रसूती आहे. ती आपल्यापैकीच कोणाकडे होईल, आणि त्या कार्डावर नाळ बांधल्याची वेळ लिहिलेली मला पाहायची आहे.

आपली,
नागपुरातील एक बालरोगतज्ज्ञ